मदत हवी आहे: 'दोन तास एकटं राहू दे' हे नेमकं कसं सांगावं?

भांडणात नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. शरीर निवायला निदान 20 मिनिटं लागतात, मनात तेच घोळवत बसलं तर जास्तच. पण नुसतं 'मला एकटं सोड' म्हटलं की तो अबोला वाटतो, कारण परत कधी बोलणार हे त्यात नसतं.

सध्याचा मसुदा: 'आत्ता बोललो तर वाकडं बोलेन. चक्कर मारून येतो, साडेनऊला हाच खर्चाचा विषय पुढे बोलू.' साडेनऊला विषय स्वतःच काढायचा. जोडीदाराला आठवण करून द्यावी लागली तर सगळं फुकट.

अडतंय ते इथे: साडेनऊलाही राग उतरला नसेल तर वेळ वाढवून मागताना काय म्हणावं? आणि जोडीदार 'आत्ताच बोल' म्हणून दारात उभा राहिला तर?