मदत हवी आहे: सेफ्टी कमिटीच्या मिनिट्समधून ओपन पॉइंट काढून प्लांट हेडना महिन्याची नोट कशी द्यावी?

चाकणकर_सेफ्टी
आमच्याकडे कमिटी तीन महिन्यांतून एकदा बसते, पण साहेबांना ओपन पॉइंट्सची स्थिती दर महिन्याला एका पानात हवी असते. मिनिट्स वर्डमध्ये, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाने लिहिलेले. एक नमुना बघा, कन्व्हेयरच्या टेल पुलीचा गार्ड:

जानेवारी: "मेंटेनन्सने गार्ड बसवावा. मुदत 15 फेब्रुवारी."
एप्रिल: "पीआर टाकला आहे. मुदत 31 मे."
जुलै: उल्लेखच नाही.

मी 31 जुलैच्या नोटमध्ये काय लिहू? झालं, चालू आहे, की मुदत टळली?

आकडेबहाद्दर
एवढं वाचायला कुणाला वेळ नसतो. एकूण किती, बंद किती, टक्केवारी, लाल-पिवळा-हिरवा. पीओ निघाला की पॉइंट बंद धरायचा, पुढचं पर्चेस बघेल. आमचे साहेब खूश असतात.

जुना_सेफ्टीवाला
एका पानात बसवा हे बरोबर, बाकीचं नाही. पीओ निघाल्याने पुली झाकली जात नाही. आणि टक्केवारीत बोर्ड लावणे, पट्टे रंगवणे अशी पटकन होणारी कामं वर येतात, गार्ड मात्र खालीच राहतो.

चाकणकर, आधी प्रत्येक पॉइंटला पहिल्या बैठकीतच नंबर द्या, तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. एप्रिलला कुणी "टेल एंड कव्हर" लिहिलं तरी नंबर तोच. मुदतीचे दोन रकाने ठेवा, मूळ आणि सध्याची. मिनिट्स लिहिणारा नवी तारीख टाकतो आणि जुनी पुसली जाते, म्हणून पॉइंट कधीच उशिरा झालेला दिसत नाही. उशीर मूळ तारखेपासूनच मोजा.

A मध्ये नंबर, D मध्ये मूळ मुदत, F मध्ये जागेवर पाहून बंद केल्याची तारीख, K1 मध्ये नोटची तारीख:

```
=IF(F2="",MAX(0,$K$1-D2),"")
=IF(AND(F2="",COUNTIF('जुलै'!A:A,A2)=0),"उल्लेख नाही","")
```

दुसऱ्या सूत्रासाठी जुलैच्या मिनिट्समधले नंबर 'जुलै' नावाच्या शीटवर A मध्ये उतरवा. बंद न होता गळालेले पॉइंट त्यातच सापडतात. K1 मध्ये TODAY() घालू नका, नाहीतर जुनी नोट उघडली की दिवस बदललेले दिसतात.

सही_कुठे_करू
इन्स्पेक्टरला मिनिट्स दाखवायचे असतील तर रजिस्टर हाताने लिहिलेलं लागतं का? टाइप केलेले चालतात?

चाकणकर_सेफ्टी
तो विषय वेगळा आहे हो, वेगळा धागा काढा. इथे नोटबद्दल चाललंय.
जुनेसाहेब, "उल्लेख नाही" आलं की पुढे काय?

जुना_सेफ्टीवाला
जागेवर जा. मिनिट्स सांगतात लोक काय म्हणाले ते, गार्ड आहे की नाही ते नव्हे. फोटो काढा, पीओचं पर्चेसला विचारा, मग असं लिहा:

"टेल पुली गार्ड (जाने-04). मूळ मुदत 15 फेब्रुवारी, नंतर 31 मे, दोन्ही उलटल्या. मूळ मुदतीपासून 166 दिवस. पीआर झाला, पीओ नाही. जुलैच्या बैठकीत चर्चा नाही. 29 जुलैला पाहिले, गार्ड नाही. तोपर्यंत: पट्टा बंद करून, आयसोलेटरला कुलूप लावूनच सफाई. आपल्याकडून हवे: पीओला मंजुरी."

"तोपर्यंत" ही ओळ सोडू नका. गार्ड सहा महिने नाही आणि कन्व्हेयर रोज चालतो, मग आज माणूस कशावर सुरक्षित आहे, हे साहेबांना तिथेच दिसलं पाहिजे. ती ओळ भरता येत नसेल तर महिनाअखेरची वाट बघू नका, तेव्हाच फोन करा. आणि ज्यात साहेबांनी काही करायचं नाही, ते पॉइंट मागच्या तक्त्यात.

कामगार_प्रतिनिधी_नाशिक
मी कमिटीत कामगारांच्या बाजूने बसते. आमचे निम्मे मुद्दे "नोंद घेण्यात आली" असे लिहितात. ना नाव, ना तारीख. तुमच्या या शीटमध्ये ते येणारच नाहीत. आमच्याकडे फोर्कलिफ्टच्या रिव्हर्स हॉर्नचं असंच झालं, पुढच्या बैठकीत मला विचारतात, "हा मुद्दा कधी आला होता?"

आकडेबहाद्दर
पण मालक नसलेला पॉइंट ओपन कसा धरणार? साहेब विचारणार कोणाकडे आहे, तर काय सांगायचं?

जुना_सेफ्टीवाला
ताई म्हणतात ते खरं आहे. मी असे मुद्दे "मालक ठरलेला नाही" म्हणून त्याच तक्त्यात धरायचो, पण मेंटेनन्सवाले भांडायचे की जे आम्ही कबूलच केलं नाही ते आमच्या नावावर का. नाव लावण्याचा अधिकार सेफ्टी ऑफिसरचा की अध्यक्षांचा, हे आमच्याकडे शेवटपर्यंत ठरलं नाही.

चाकणकर_सेफ्टी
आमचे अध्यक्ष साहेबच आहेत, त्यामुळे नाव त्यांच्याकडूनच घेतो. गार्डची नोट वरच्याच नमुन्यात टाकतोय. कुलपाचं मात्र आधी रात्रपाळीत जाऊन बघतो, दिवसा तरी लावताना दिसतात.

कामगार_प्रतिनिधी_नाशिक
रात्री कंत्राटी सफाईवाल्यांनाच विचारा, सुपरवायझर नसताना. आणि आयसोलेटरच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते तेही बघा.