अनुभव धागा: रॉकच्या शेवटच्या तासात निवेदकानं निरोप कसा घ्यावा?

सूत्रधार, टिळकवाडी

आमच्या लहान केंद्रावरचा शनिवारचा रॉकचा तास आता बंद होतोय आणि तो चालवणारे काका त्याच रात्री निवृत्त होतायत. कार्यक्रम 9 ते 10. दहाच्या ठोक्याला पुढचं प्रसारण आपोआप सुरू होतं. काकांना चार मिनिटं बोलायचंय आणि शेवटी लेड झेपेलिनचं 1971 चं ‘स्टेअरवे टू हेवन’ अख्खं लावायचंय. ज्यांनी स्टुडिओत असे निरोप बसवलेत त्यांनी लिहा. ‘मनापासून बोला’ एवढंच नको, कुठं काय बिघडतं ते हवंय.

कन्सोलवाला, खानापूर

भाषण लिहायच्या आधी घड्याळ शेवटाकडून मांडा. गाणं 8 मिनिटं 2 सेकंदांचं आहे आणि ते विरत जात नाही, गायकाच्या एकट्या आवाजावर संपतं. वेळ कमी पडली म्हणून फेडर खाली ओढला तर नेमकी ती शेवटची ओळ जाते, आणि रॉक ऐकणारा तेवढ्यासाठीच थांबलेला असतो.

गाणं संपल्यावर केंद्राचं नाव सांगायला 20 सेकंद ठेवा. म्हणजे गाणं 9:59:40 ला संपायला हवं, आणि त्यासाठी 9:51:38 ला सुरू व्हायला हवं. सुरुवातीची जवळपास 50 सेकंद नुसती गिटार आणि बासरीसारखं वाद्य आहे. त्यातली 40 काकांना द्या, दहा सोडून द्या. काकांचा शेवटचा शब्द 9:52:18 ला आला पाहिजे. तिथून चार मिनिटं मागं गेलं की पहिला शब्द 9:48:18 ला. क्यू शीटवर हे आकडे जाड पेनानं लिहा, बाकी गर्दी नको.

आता मुख्य गोष्ट. काका लांबले तरी गाणं थांबवायचं नाही. 9:51:38 ला कन्सोलवरचा माणूस ते सुरू करणारच, हे आधी दोघांनी कबूल करायचं. म्हणून शेवटच्या 40 सेकंदांचा मजकूर वेगळ्या कागदावर घ्या. गिटार कानावर पडली की हातातला कागद खाली ठेवायचा आणि हा उचलायचा. मधल्या भागात दोन परिच्छेदांना पेन्सिलनं कंस करून ठेवा, वेळ गेली तर ते गाळायचे.

आणि फाइल एकदा शेवटपर्यंत वाजवून बघा. मैफिलीतलं ध्वनिमुद्रण त्याच नावानं पडलेलं असेल तर ते लांब असतं, मग वरचं सगळं गणित वाया.

निपाणीकर

एवढं कशाला ओ? मिनिटाला 150 शब्द धरायचे, चार मिनिटांना 600 शब्द लिहायचे. झालं.

निवेदिका, चिकोडी

दीडशेचा आकडा इंग्रजी वाचनाचा. मराठीत ‘केंद्रावरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो आणि बोलायला तीन शब्दांची वेळ खातो. रेडिओवर सावकाश बोलताना शंभर-एकशेदहाच्या वर जाऊ नये, आणि निरोपाच्या वेळी वेग आणखी उतरतो. 350 शब्द लिहा. वाचून बघताना स्टुडिओत, मायक्रोफोनसमोर बसूनच वाचा. घरी उभं राहून वाचलेलं भाषण नेहमी लवकर संपतं.

निपाणीकर

होय की, पण रॉकवाले निवेदक भरभर बोलतात. त्यांना शंभराचा हिशोब कसा लागेल?

निवेदिका, चिकोडी

गाण्याची ओळख भरभर करतात, निरोप नाही. वाद नको, त्यांच्या जुन्या कार्यक्रमातलं गाण्याविना सलग बोललेलं एक मिनिट काढा, शब्द मोजा आणि त्यातून पंधरा-वीस वजा करा.

भाषण सगळ्यात जास्त फसतं ते आभारांच्या यादीत. पंधरा नावं वाचायला मिनिट जातं, सोळावं राहतं आणि ते ज्याचं असतं तो ऐकत असतो. नावं पहिल्या पाऊण तासात वाटून टाका, एकेका गाण्याआधी एक-दोन. अथणीहून पत्रं लिहिणाऱ्या ताई, कॅसेट आणून देणारा दुकानदार, रात्री कुलूप लावणारे मामा. शेवटच्या चार मिनिटांत नाव एकही नको, फक्त कामं सांगा.

आवाज भरून येणारच. तो बहुतेक आभारात येत नाही, ‘पुढच्या शनिवारी’ अशा एखाद्या साध्या वाक्यावर येतो. वाचताना जिथं अडखळतं तिथं खूण करा आणि ते वाक्य लहान करा. सहा-सात शब्दांचं वाक्य दाटलेल्या गळ्यानंही पूर्ण होतं, वीस शब्दांचं होत नाही. जवळ कोमट पाणी ठेवा. दुधाचा चहा त्या तासात नको, घसा चिकट होतो आणि प्रत्येक शब्दाआधी टाळूचा आवाज येतो.

वाचक, हुक्केरी

सासऱ्यांचा बँकेतला निरोप समारंभ आहे. शाल-श्रीफळ आधी की भाषण आधी? आणि वीस मिनिटं चालतील का?

निवेदिका, चिकोडी

दादा, तिथं माणसं समोर बसलेली असतात, हे गणित त्याला लागू नाही. वेगळा धागा काढा.

निवृत्त अभियंता, गोकाक

गप्प राहण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. प्रक्षेपणाच्या वाटेवर आवाजाची पातळी सांभाळणारं यंत्र असतं. माणूस थांबला की ते आपोआप आवाज उचलतं. मग बोलण्याखाली वाजणारं संगीत एकदम फुगतं, पंखा ऐकू येतो, नाक ओढलेलंही जिल्हाभर जातं. म्हणून भाषणाखाली संगीत ठेवूच नका, किंवा ठेवलंत तर काका थांबले की हातानं खाली घ्या. पंखा बंद. भावुक माणूस मायक्रोफोनवर झुकतो, त्यामुळं वीतभर अंतरावर खुर्ची पक्की करा.

दुसरं, शांतता ओळखून राखीव संगीत सुरू करणारी सोय असेल तर तिची मुदत बघून घ्या. ती फारच कमी सेकंदांवर लावलेली असेल तर काकांच्या आवंढ्यावर साबणाची जाहिरात सुरू होईल. या गाण्याची सुरुवातही हळू आहे, तीही शांतता समजली जाऊ शकते. दुपारी एकदा तपासा.

माझं मत, चार मिनिटं आदल्या दिवशी ध्वनिमुद्रित करा. पावसाळ्यात वीज जाते, गळा जातो, वेळ जाते.

कन्सोलवाला, खानापूर

पटत नाही. 9 वाजता काका थेट बोलतायत आणि 9:48 ला आवाजाचा पोत अचानक बदलला तर ऐकणाऱ्याला कळतं. ध्वनिमुद्रण करा, पण राखीव म्हणून. दुसऱ्या फेडरवर तयार ठेवा.

निवृत्त अभियंता, गोकाक

राखीव ठेवलेलं वेळेवर कुणी सुरू करत नाही. त्या क्षणी कन्सोलवालाही रडत असतो.

शिक्षक, संकेश्वर

कानडी ऐकणारेही आहेत. शेवटी दोन कानडी वाक्यं असावीत, पण पुस्तकी नकोत. ‘होगि बर्तेवि’ म्हटलं की पुरे. गावाचं नाव आलं की घोटाळा होतो. 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे आणि केंद्राची घोषणा तशी असू शकते, मराठी बोलण्यात बेळगाव येतं. घोषणेला हात लावू नका, भाषणात तालुक्यांची नावं घ्या.

निपाणीकर

दोन भाषा म्हणजे चाळीस सेकंदांत मावणार नाही.

कन्सोलवाला, खानापूर

मावेल, कानडी वाक्यं गिटार सुरू होण्याआधी घेतली तर. त्याला आणखी एक कारण आहे. सामुदायिक केंद्राला कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने ठेवावं लागतं, पुढं ते पुसलं जाऊ शकतं, म्हणून प्रत लगेच मागून घ्या. पण त्यातल्या शेवटच्या 40 सेकंदांखाली गाणं असतं आणि ते इंटरनेटवर टाकलं की हक्कांवरून काढून टाकलं जाऊ शकतं. काकांच्या मायक्रोफोनचा ट्रॅक वेगळा घ्या, कन्सोलमधून गाण्याविना. केंद्राच्या प्रतीतून तो नंतर तितका स्वच्छ वेगळा निघत नाही.

सूत्रधार, टिळकवाडी

काकांचं एक जुनं मिनिट मोजलं, 118 शब्द निघाले. मसुदा 420 चा आहे, म्हणजे कंसात आणखी एक परिच्छेद जाणार. थेट की ध्वनिमुद्रित, यावर काका अजून काही बोलत नाहीत. वेगळ्या ट्रॅकची तार मात्र उद्याच लावतो.