भाडेकरूला नकार कळवताना कारण द्यावं का?

धागाकर्ती: घर भाड्याने द्यायचं आहे. तिघे पाहून गेले, एकांशी ठरतंय. उरलेल्यांपैकी एकांनी ओळखपत्र आणि पगाराच्या स्लिपा पाठवल्यात, टोकनही दिलंय. दोन ओळींत नकार कळवला तर तुटक वाटेल का?

जुनी घरमालकीण: नाही वाटणार. असं लिहा: ‘नमस्कार. घर पाहायला आलात, कागदपत्रं वेळेवर दिलीत, आभार. हे घर आम्ही तुम्हाला देऊ शकत नाही. टोकनची पूर्ण रक्कम आज परत केली आहे, कागदपत्रांच्या प्रती काढून टाकल्या आहेत.’ पैसे आधी पाठवा, मेसेज नंतर, म्हणजे ‘आज परत केली’ हे खरं ठरतं. ‘सध्या’, ‘बहुधा’ असले शब्द नकोत, माणूस आशेवर राहतो.

भाड्याने राहणारा: मला हे पटत नाही. पगाराचे कागद घेताना संकोच नाही, मग कारण सांगतानाच कसला? अशीच चार ओळींची उत्तरं मला आली आहेत. माझ्या नोकरीत खोट आहे की आडनावात, हे कळायला मार्गच नाही.

जुनी घरमालकीण: तुमचा राग समजतो. पण आमच्या नात्यात काय झालं ते सांगते. ‘पगार थोडा कमी पडतो’ असं कळवलं. त्यांनी भावाला जामीन म्हणून उभं केलं, मग सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देतो म्हणाले. खरं तर दुसरे लोक लवकर राहायला येणार होते, एवढंच. पगाराचं कारण वरवरचं होतं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी ते दूर करण्यासाठी धावपळ केली. ‘घर गेलं’ म्हणावं तर जाहिरात तशीच दिसत असते.

कायदाप्रेमी: म्हणजे कारण लिहिलंच नाही की आपण सुरक्षित.

दलालीत असलेला: अर्धंच खरं आहे. मनात जात-धर्म असेल तर गप्प बसल्याने तो भेदभाव धुऊन निघत नाही. शिवाय काही देशांत पत-अहवाल पाहून नकार दिला, तर तसं कळवावंच लागतं, तिथे दोन ओळी पुरत नाहीत. निकष आधीच ठरवून सगळ्यांना सारखे लावा आणि निवड का केली ते स्वतःजवळ तारखेसह लिहून ठेवा.

नवा सभासद: माझा भाडेकरू घर सोडत नाहीये, त्यालाही असाच मेसेज चालेल?

दलालीत असलेला: नाही हो, तिथे करारातली नोटीस लागते. वेगळा धागा काढा.

धागाकर्ती: कारण देत नाही. पण पाठवू कधी? पहिल्यांची सही अजून व्हायची आहे.

जुनी घरमालकीण: सही झाली की त्याच दिवशी. ते मागे हटले तर तुम्हाला यांनाच फोन करावा लागेल.

भाड्याने राहणारा: आणि तोवर आम्ही हातातलं दुसरं घर सोडायचं? निदान ‘निर्णय अमुक तारखेला कळवते’ एवढं आजच लिहा, आणि टोकन परत हवं का तेही विचारा.

धागाकर्ती: तारीख आजच कळवते. टोकनचं यांच्याशी बोलून ठरवते.