चौघांचा एकच अहवाल, गुण मात्र वेगवेगळे

"चौघांचा प्रकल्प अहवाल एकच आहे, एकाने फारसे काम केले नाही, असे बाकीचे म्हणतात. गुण कसे द्यावेत?"

अहवालाला आधी एकच गटगुण द्यावा; त्यातील निम्मा भाग सर्वांना सारखा ठेवून उरलेला निम्मा योगदानाच्या गुणकाने बदलावा. त्यासाठी प्रत्येकाने स्वतःला वगळून इतर तिघांत 30 गुण गुप्तपणे वाटावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 30 येतात. समजा, अहवालाला 60 गुण आहेत आणि सहकाऱ्यांकडून एकाला 36, दोघांना 33 व चौथ्याला 18 मिळाले. तर गुणक अनुक्रमे 1.2, 1.1 व 0.6 होतात आणि अंतिम गुण 66, 63, 63 व 48.

तिघांनी संगनमत केल्यास मात्र हे गणित फसते. म्हणून 18 सारखा आकडा दिसला, की तोंडी परीक्षेत त्या विद्यार्थ्याला त्याने लिहिलेल्या प्रकरणातले निर्णय विचारावेत: हाच नमुना का निवडला, कोणत्या नोंदी वगळल्या. सामायिक दस्तऐवजाचा बदलांचा इतिहासही पाहावा, पण त्यातले शब्द मोजू नयेत, कारण शेवटी सगळ्यांचा मजकूर एकत्र चिकटवणाऱ्याच्या (बहुधा ज्याचे टंकलेखन बरे, त्याच्या) नावावर तो जमा झालेला असतो. उत्तरे ठाम आली, तर मी गुणक बाजूला ठेवून चौघांनाही 60 च देतो.