मदत हवी आहे: बाबांच्या पायावर लाल गरम चट्टा, सूज आणि ताप, सकाळपर्यंत थांबू का?

वैजू (रात्री 8:40)

बाबांचं वय 64, डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. काल दुपारी एकदम हुडहुडी भरून ताप आला, दोन पांघरुणं घातली तरी थरथरत होते, तेव्हा पायाला काहीच नव्हतं त्यामुळे आम्हाला वाटलं व्हायरल असेल. रात्री म्हणाले डावी नडगी ठणकतेय. आज सकाळी बघितलं तर घोट्याच्या वर पुढच्या बाजूला पत्त्याएवढा लाल चट्टा, आणि आत्ता तो माझ्या तळहातापेक्षा मोठा झालाय, हात लावला की गरम लागतो, कातडी ताणून चकचकीत झालीये आणि जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ लागते. ताप 102. पॅरासिटामॉल दिली की उतरतो, परत चढतो. कुठे लागलेलं, चावलेलं आठवत नाही म्हणतात. आमच्या डॉक्टरांची वेळ उद्या सकाळी 11 ची मिळालीये. तोपर्यंत थांबलं तर चालेल का, की उगाच घाबरतेय मी?

चौकस (8:52)

ताई एकाच पायाला सूज म्हणजे रक्ताची गाठ असू शकते, शिरेतली. माझ्या मेव्हण्याला झालेली. पाय अजिबात चोळू नका, आधी डॉपलर करून घ्या, बाकी सगळं नंतर. गाठ सुटून फुप्फुसात गेली तर प्रकरण जिवावर बेततं.

जुना_कंपाउंडर (8:58)

याला धावरं म्हणायचे पूर्वी. कारण ते धावतं! सकाळी घोट्यावर तर संध्याकाळी गुडघ्यावर. आम्ही थंड पाण्याच्या घड्या ठेवायचो आणि पाय वर. घरात आधीच्या कुठल्या आजारातलं अँटिबायोटिक शिल्लक असेल तर आज रात्री एक गोळी द्या, उद्या डॉक्टर बघतीलच.

रात्रपाळी (9:10)

सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं नर्स आहे, तपासल्याशिवाय निदान करत नाही, पण हे वाचून सकाळी 11 पर्यंत थांबा असं मी म्हणणार नाही. डायबेटिस, 102 ताप, हुडहुडी, आणि एका दिवसात पत्त्याचा तळहात झालेला चट्टा. आज रात्रीच इमर्जन्सीला दाखवा. हे सेल्युलायटिससारखं वाटतंय.

निघायच्या आधी एक काम करा, दोन मिनिटांचं. बॉलपेन घ्या आणि लाली जिथे संपते तिथे कडेकडेने रेघ ओढा, बाजूला वेळ लिहा, फोटो काढा. तिथले डॉक्टर विचारणार की किती वेगाने पसरतंय, आणि "वाढतंय हो" यापेक्षा ती रेघ जास्त सांगते.

चौकसदादा, गाठीची शंका चुकीची नाही, एकच पाय सुजला की तीही बघावी लागते आणि डॉपलर करतीलही. पण नुसत्या गाठीत सहसा पोटरी भरून येते, दुखते, इतका ताप आणि हुडहुडी क्वचित, आणि अशी कड असलेली पसरती लाली नसते. मुद्दा असा की दोन्ही गोष्टींसाठी आजच जायचंय, मग वाद कशाला.

शिल्लक गोळी मात्र नको. कुठली आहे, किती जुनी, या जंतूंना लागू पडते का काही माहीत नाही, आणि रक्ताची तपासणी व्हायच्या आधी अर्धवट डोस गेला की जंतू सापडणं अवघड होतं. पॅरासिटामॉल ठीक. आयबुप्रोफेन वगैरे पेनकिलर आपल्या मनाने देऊ नका, एकतर किडनीवर ताण, दुसरं म्हणजे दुखणं दबून जातं आणि दुखणं हेच आत काय चाललंय ते सांगत असतं. पॅरासिटामॉल किती वाजता दिली ते तिथे सांगा, नाहीतर ताप नाही म्हणून परत पाठवतील.

वैजू (9:18)

रेघ ओढली, 9:15 लिहिलंय. पण इमर्जन्सीला जाण्याइतकं? बाबा ऐकत नाहीयेत, म्हणतात पायाला थोडी सूज आहे त्यासाठी रात्री लोकांना कशाला त्रास.

रात्रपाळी (9:31)

त्यांना सांगा की हे कातडीवरचं पुरळ नाहीये. जंतू कातडीच्या खालच्या थरात आणि चरबीत शिरलेत. बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस असतो, आणि त्याच्याकडे असे रस असतात की पेशींना धरून ठेवणारा जो डिंकासारखा भाग असतो तोच विरघळवतो, म्हणून तो गळवासारखा एका जागी न बसता चादरीसारखा पसरतो. जांघेतली गाठ म्हणजे लसवाहिन्यांमधून प्रकार वरपर्यंत पोचलाय. पुढची पायरी रक्त. आज पकडलं तर बऱ्याचदा काही दिवसांच्या औषधात आटोपतं, दोन दिवस उशिरा आलेले लोक मी फोड, पू आणि ऑपरेशनपर्यंत गेलेले बघितलेत.

आणि हे दिसलं तर वाहन मिळेल ते घेऊन निघा, वाद नको: दुखणं लालीच्या मानाने अफाट, म्हणजे चादर लागली तरी ओरडणं. किंवा आधी खूप दुखत होतं आणि आता तो भाग बधिर. कातडी जांभळी-काळपट, पाण्याचे किंवा रक्ताचे फोड, दाबलं की कुरकुर. माणूस असंबद्ध बोलतोय, धाप लागलीये, लघवी कमी झालीये. यात तास मोजावे लागतात.

पायपीट (9:44)

हे वाचून आता मलाच भीती वाटायला लागली. माझ्या दोन्ही पायांना घोट्यापाशी चार महिन्यांपासून लाल-तपकिरी डाग आहेत, खाज येते, संध्याकाळी सूज. ताप नाही. मलाही सेल्युलायटिस का? दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, फरक शून्य.

रात्रपाळी (9:50)

दोन्ही पाय एकदम, चार महिने, ताप नाही, खाज जास्त दुखणं कमी, हे तसं वाटत नाही. शिरांमधलं रक्त साचून असं होतं, व्हेरिकोज व्हेन्स आहेत का बघा. म्हणूनच कोर्सने फरक पडला नसावा. त्वचेच्या किंवा शिरांच्या डॉक्टरांना दाखवा, वेगळा धागा काढा, इथे वैजूताईंचं राहू द्या.

वैजू (रात्री 12:25)

आणलं. निघेपर्यंत साडेदहा झाले आणि तिथे 11:30 ला डॉक्टरांनी बघितलं तेव्हा लाली रेघेच्या दीड बोट बाहेर गेली होती, सव्वादोन तासांत!! तो फोटो बघून बाबाच गप्प झाले. शुगर 318. बीपी ठीक. डॉपलर केलं, गाठ नाही. सेल्युलायटिसच म्हणाले, ॲडमिट करून घेतलंय, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का विचारलं आणि शिरेतून सेफाझोलिन चालू केलं. पाय उशांवर उंच ठेवलाय. अजून एक, डॉक्टरांनी सगळ्यात आधी बोटांच्या फटी उघडून बघितल्या! करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये चिखल्या, पांढरी भिजकी कातडी आणि एक चीर. म्हणाले जंतू इथून शिरले असणार. आम्ही कोणी तिकडे बघितलंच नव्हतं.

जुना_कंपाउंडर (12:40)

चिखल्यांतून? चट्टा तर घोट्याच्या वर होता, मध्ये पाऊल कोरडं. मला नाही पटत, नडगी खाजवली असेल नखाने.

रात्रपाळी (सकाळी 7:15)

दोन्ही शक्य आहे दादा, खात्रीने कधीच कळत नाही. पण चीर पडलेली फट हा नेहमीचा दरवाजा आहे, आणि आत शिरलेला जंतू लसवाहिनीतून वर जाऊन नडगीवर दिसू शकतो, त्याला पाऊलभर लाली लागत नाही. नडगी खाजवली असली तरी चिखल्या बऱ्या कराव्याच लागणार, नाहीतर हेच परत होईल.

वैजू (दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 6:05)

प्लीज कोणी सांगा, औषध चालू होऊन 18 तास झाले आणि लाली अजून वाढलीये, रेघेच्या चार बोटं बाहेर. औषध लागू पडत नाहीये का? मी ड्युटी डॉक्टरांना म्हटलं बदला तर ते म्हणाले थांबू. इतकं शांत कसं राहतात हे लोक.

चौकस (6:12)

बदलायलाच सांगा. ठाम राहा. पैलतीर दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

रात्रपाळी (6:30)

ताप किती? दुखणं कालच्यापेक्षा कमी की जास्त? जेवले का?

वैजू (6:36)

ताप दुपारपासून 99.4. हुडहुडी परत आली नाही. दुखतंय पण काल पाय खाली सोडताना जसे कळवळत होते तसं नाही. जेवले, आणि टीव्ही लावा म्हणाले.

रात्रपाळी (6:49)

मग ड्युटी डॉक्टर बरोबर वाटतात. पहिल्या एक-दोन दिवसांत रेघ फसवते. औषधाने जंतू मरतात तेव्हा त्यांचे तुकडे तिथेच पडलेले असतात आणि शरीर त्या तुकड्यांवरही तुटून पडतं, त्यामुळे जंतू कमी होत असतानाही लाली थोडी सरकते. काल औषध नसताना लाली, ताप आणि दुखणं तिन्ही वाढत होतं. आज लाली एकटीच वाढलीये, बाकी दोन्ही उतरलेत. माणूस टीव्ही मागतोय हे माझ्या हिशेबात त्या चार बोटांपेक्षा जास्त महत्त्वाचं. पण उद्या रात्रीपर्यंत ताप परत चढला, किंवा एखादी जागा मऊ लिबलिबीत लागली, तर लगेच सांगा, मग आत पू आहे का ते सोनोग्राफीत बघतात. आणि कालची रेघ पुसू नका, दुसऱ्या रंगाच्या पेनने आजची ओढा.

वैजू (पाचव्या दिवशी)

काल घरी आलो. तिसऱ्या दिवशी लाली निळ्या रेघेच्या आत आली आणि कातडीला सुरकुत्या पडायला लागल्या, डॉक्टर म्हणाले सुरकुत्या म्हणजे सूज ओसरतेय. आता सेफॅलेक्सिनच्या गोळ्या, सगळे मिळून सात दिवस. चिखल्यांना फंगसचं मलम वेगळं दिलंय, बोटांच्या फटी रोज टिपून कोरड्या करायच्या. कातडी सालपटासारखी निघतेय आणि संध्याकाळपर्यंत घोटा अजून भरतो, ते किती दिवस राहील?

पायपीट (दुपारी 2:10)

माझ्या काकूला हे तीनदा झालं, प्रत्येक वेळी त्याच पायाला. आता ती घट्ट मोजे घालते. बाबांनाही आणा.

रात्रपाळी (2:45)

सूज काही आठवडे राहू शकते, एका झटक्यात लसवाहिन्यांचं थोडं नुकसान होतं, त्यामुळे निचरा कमी आणि म्हणूनच त्याच पायाला पुन्हा होण्याची शक्यता जास्त. ज्यांना वारंवार होतं त्यांना कधी कधी कमी डोसचं पेनिसिलिन वर्षभर देतात, घेत असेपर्यंत उपयोग होतो, बंद केल्यावर परत येऊ शकतं. बाबांचं पहिल्यांदाच आहे, तो विषय आत्ता नाही. घट्ट मोज्यांनी फायदा होतो, पण डायबेटिसमध्ये पायाचा रक्तपुरवठा आधीच कमी असू शकतो आणि तशा पायावर मोजा घातला तर जखम होते. पावलाच्या नाड्या तपासल्याशिवाय आणू नका.

वैजू (3:20)

गुरुवारी दाखवायला जायचंय, नाड्यांचं तेव्हाच विचारते. निळी रेघ अजून पुसली गेली नाहीये, बाबा म्हणतात राहू दे.