कोल्हापुरातल्या राजारामपुरी शाखेच्या खात्यात डॉलरचा दर कमी का पडला?

«बँकेने 83 चा दर सांगितला. अमेरिकेतून 2000 डॉलर पाठवले, जमा झाले 1,64,102 रुपये. म्हणजे 82.05 च पडला की!»

भावा, भागाकार 2000 ने करू नकोस. शाखेतून इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस, म्हणजे परदेशातून आलेल्या पैशांचा बँकेचा कागद, माग आणि त्यात किती डॉलर पोचले ते आधी बघ. मधल्या बँकेने 20 डॉलर कापले असतील, तर 1980 गुणिले 83 म्हणजे 1,64,340. त्यातून चलन बदलल्याचा जीएसटी सुमारे 238 रुपये वजा कर. तुझाच आकडा येतो. माझंही असंच झालेलं, उगाच मॅनेजरशी भांडलो.

ॲडव्हाइसवर पूर्ण 2000 असतील तर मात्र दरच बदललाय. तोंडी सांगितलेला दर त्या दिवसापुरता. लागतो तो रूपांतराच्या दिवशीचा टीटी बायिंग रेट, म्हणजे बाहेरून आलेले डॉलर बँक ज्या दराने विकत घेते तो.