शब्दचर्चा: ‘कलेक्टर बीम’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेडी
साइटवरच्या सुपरवायझर आणि गवंड्यांसाठी भूकंपरोधक बांधकामाची एक पुस्तिका मराठीत करतेय. कॉलम, बीम, स्लॅब, रिंग हे शब्द तसेच ठेवलेत, त्यावर वाद नको. अडलंय ते तीन शब्दांवर: डायफ्राम, कॉर्ड आणि कलेक्टर. मी अनुक्रमे ‘पटल’, ‘जीवा’ आणि ‘संग्राहक तुळई’ लिहिलं होतं.

गेल्या आठवड्यात कच्चा मसुदा लातूरच्या एका साइटवर वाचायला दिला. तिथल्या सुपरवायझरने ‘संग्राहक तुळई’ वाचून असा अर्थ घेतला की स्लॅबचं वजन जिथे गोळा होतं ती तुळई. मग फिटरला सांगितलं की नेहमीच्या बीमसारखंच, मधे चार सळया आणि टोकाला दोन पुरे. दोन सळया भिंतीच्या अलीकडेच थांबवल्या होत्या. काँक्रीट पडायच्या आधी इंजिनिअरबाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. चूक माझ्या शब्दाची होती, हे मला फार लागलंय. कोणता शब्द वापरू?

गोदाकाठ
‘संग्राहक’ शब्दात चूक काहीच नाही. सं + ग्रह्, म्हणजे एकत्र घेणे. सुपरवायझरला कळला नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा, तर उद्या ‘गुरुत्वाकर्षण’ही टाकावा लागेल. ‘जीवा’ तर उत्तमच. धनुष्याची दोरी ती जीवा, वर्तुळाची जीवा आपण शाळेत शिकलो. हाच शब्द अरबांकडे ‘जिबा’ झाला, तो ‘जैब’ असा वाचला गेला, त्याचं लॅटिनमध्ये ‘सायनस’ झालं आणि आज जग ‘साइन’ म्हणतं. इतका मोठा प्रवास केलेला शब्द घरात असताना बाहेर कशाला शोधायचा?

मांजरा
गोदाकाठ सर, साइनची गोष्ट खरी, पण ती या कॉर्डला लागत नाही. मी स्ट्रक्चरल डिझाइन करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ताई, तुमचा प्रश्न शब्दाचा असला तरी बळ कुठून कुठे जातं ते दिसल्याशिवाय शब्द सुचणार नाही.

एक मजला धरा, 30 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. आडवा धक्का झेलणाऱ्या भिंती, म्हणजे शिअर वॉल, फक्त दोन टोकांना, आखूड बाजूंवर. भूकंपाचा धक्का रुंदीच्या दिशेने आला आणि या मजल्यावर एकूण 60 टन आडवं बळ लागलं. म्हणजे लांबीच्या दर मीटरला 2 टन. स्लॅब आता आडवी पडलेली भलीमोठी तुळई झाली, टोकांच्या भिंती हे तिचे टेकू. फुटपट्टी चपटी धरून वाकवली तर सहज वाकते, उभी धरून वाकवत नाही. स्लॅबची 15 मीटर रुंदी ही त्या उभ्या फुटपट्टीची उंची. हे तिचं डायफ्रामचं काम.

तुळई वाकली की एक कड ताणली जाते, दुसरी दाबली जाते. मधोमध मोमेंट, म्हणजे वाकवण्याचा जोर, येतो 2 × 30 × 30 ÷ 8, म्हणजे 225 टन-मीटर. त्याला 15 ने भागलं की 15 टन. लांब कडेच्या बीमला एवढी ओढ बसते, ते कॉर्डचं बळ. 500 ग्रेडच्या 16 मिलिमीटरच्या दोन सळया त्याला पुरतात. पण त्या कडेला सलग हव्यात आणि जोड मधोमध नको, कारण ओढ तिथेच सगळ्यात जास्त.

आता कलेक्टर. दर टोकाला 30 टन पोचतात, आणि ते 15 मीटरच्या पूर्ण कडेवर सारखे पसरून येतात, मीटरला 2 टन. पण भिंत सहाच मीटरची आहे, एका कोपऱ्यात. तिच्या डोक्यावर थेट 12 टन उतरतात. उरलेले 18 टन ज्या नऊ मीटरमध्ये भिंतच नाही तिथे येतात. ते गोळा करत भिंतीपर्यंत आणणारा बीम म्हणजे कलेक्टर. लांबच्या टोकाला त्यात बळ शून्य, आणि भिंतीच्या तोंडाशी पूर्ण 18 टन. तुमच्या फिटरने सळया नेमक्या त्या तोंडाशी थांबवल्या होत्या. 18 टनांना 16 च्या तीन सळया लागतात, दोनमध्ये थोडं कमी पडतं. आणि त्या तिन्ही भिंतीच्या आत लांबवर जायला हव्यात, टोकाला नुसत्या टेकून चालत नाही.

तेरणाकाठ
मांजराताई, आता समजलं. मग ही तर आमची चारी झाली! कालव्याला चारी असते, शेताशेताला जाते. ‘चारी-बीम’ म्हणा, मराठवाड्यात पोराला बी कळंल.

मांजरा
दादा, चारी पाणी वाटत जाते, पुढे पुढे कमी होते. इथे उलटं आहे. ओघळ जसा रानातलं पाणी घेत घेत नाल्याशी भरून जातो, तसं.

तेरणाकाठ
हाव, ओघळच! पण आमच्याकडं ओघळ म्हणलं की लोकांना माती वाहून गेलेली दिसते. ते नाव बीमला कोण देणार?

निवृत्त ओव्हरसिअर
नमस्कार. 1993 च्या 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या आसपास किल्लारीचा धक्का बसला तेव्हा मी औसा तालुक्यात होतो. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली पांढरी माती. काही घरांत भिंती चारी बाजूंना ढासळल्या, पण लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या, वर माळवद घेऊन. त्या खणांतली माणसं वाचली. तेव्हा माळवद हे डायफ्राम होतं असं म्हणता येईल काय? आमच्या घरी वरच्या लाकडांना सर, नाट, किलच्या असे वेगवेगळे शब्द होते. त्यातला एखादा इथे बसेल असं वाटतं.

मांजरा
काका, तुम्ही पाहिलेलं फार मोलाचं आहे. पण माळवदाला डायफ्राम म्हणता येणार नाही. किलच्या एकमेकींना बांधलेल्या नसतात, वरची माती ओढ घेत नाही. पत्त्यांच्या थरासारखं ते तिरकं सरकतं. त्यामुळे एका भिंतीचं बळ दुसरीकडे पोचवणं त्याला जमत नाही, उलट वजनच वाढतं. त्या घरांत छत खांबांवर होतं, भिंतींवर नव्हतं, म्हणून ते वाचलं. पुढे पुनर्वसनात भिंतीभर सलग पट्टा घालायचं शिकवलं, तो बराचसा कॉर्डचं काम करतो.

गोदाकाठ
‘पट्टा’ फार ढोबळ. कमरेचाही पट्टा, गळ्यातलाही पट्टा.

हिमरू
मी बांधकामातली नाही, विणकामातली आहे. पैठणीला काठ असतो आणि अंग असतं. अंग मऊ, काठ घट्ट. कापड ताणलं की ओढ काठावर येते. मांजराताईंनी जे सांगितलं ते ऐकून मला तर ‘काठ’च दिसला. स्लॅबचं अंग आणि स्लॅबचा काठ. कॉर्डच्या सळयांना ‘काठाच्या सळया’ म्हटलं तर कोण गोंधळेल?

शब्दवेडी
हिमरूताई, हे मला एकदम पटलं. ‘जीवा’ कापून ‘काठाच्या सळया’ लिहिते.

गोदाकाठ
निषेध नोंदवतो. पारिभाषिक शब्द एकार्थी असावा लागतो. काठ नदीलाही असतो. माझं नावच बघा.

हिमरू
आणि जीवा? ‘जीवाचं रान’ केलं तर कोणती जीवा?

गोदाकाठ
ती जीव शब्दाची विभक्ती आहे.

गवंडी_उदगीर
सायेब लोकांनो, मी काम करायलोय वीस वर्सं. आमी कलेक्टर बीमच म्हणतो की. पैल्यांदा ऐकलं तवा वाटलं कलेक्टर सायबाच्या हापिसातला बीम असंल. मंग इंजिनिअरनं भितीवर खडूनं बाण काढून दावले, तवापासून डोक्यात बसलं. नाव काय बी ठेवा, बाण काढा. आणि एक सांगतो, लिफ्टची भित असती तिथंच शेजारी जिन्याचं भोक असतंय. स्लॅब भितीला लागतच नाई. मंग जोर जाणार कुठून?

मांजरा
उदगीरच्या दादांनी नेमकं बोट ठेवलं. भिंती लिफ्ट-जिन्याभोवती, आणि भोकंही तिथेच. स्लॅब भिंतीला एका अरुंद पट्टीनेच शिवलेली उरते, सगळं बळ त्या पट्टीतून. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चची सीटीव्ही इमारत 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपात कोसळली, 115 माणसं गेली. तिच्या उत्तरेकडच्या गाभ्याच्या भिंतींशी मजले नीट बांधलेले नव्हते. 1991 मध्ये वरच्या काही मजल्यांना पोलादी पट्ट्या लावून ती जोडणी वाढवली होती, सगळ्या मजल्यांना नाही. त्या पट्ट्यांना तिथे ‘ड्रॅग बार’ म्हणतात. कलेक्टरचं जुनं नाव ‘ड्रॅग स्ट्रट’, त्याच घरातला शब्द.

शब्दवेडी
ड्रॅग! मग ‘ओढबीम’ का नाही? ओढत नेणारा. फिटरला लगेच कळेल की सळईला ओढ बसणार, ती मधेच थांबवायची नाही.

मांजरा
मला आवडलाय, पण एक अडचण आहे. भूकंपाची दिशा उलटते. ज्या क्षणी धक्का उलट येतो त्या क्षणी तोच बीम भिंतीला ओढत नाही, ढकलतो. आणि भिंत मधोमध असली तर दोन बाजूंना साडेचार-साडेचार मीटरचे दोन कलेक्टर, 9-9 टनांचे. एक ओढतोय तेव्हा दुसरा ढकलतोय. ‘ओढबीम’ म्हटलं तर दाबाची बाजू विसरली जाईल.

निवृत्त ओव्हरसिअर
दाब काँक्रीट घेईल. फिटरच्या पुस्तिकेत ओढ सांगितली की काम झालं.

मांजरा
काका, बीम बारीक असला आणि सळया दाटल्या तर दाबातही रिंगा जवळ हव्यातच. फिटरने त्या विरळ केल्या तर?

तेरणाकाठ
‘पोचता बीम’ म्हणा. ओढून पोचवा, ढकलून पोचवा.

गोदाकाठ
‘पोचता’ हे विशेषण की धातुसाधित? पोचती पावती असते, पोचता बीम ऐकला नाही. ‘वाहक तुळई’ म्हणा.

गवंडी_उदगीर
वाहक म्हणजे बसचा कंडक्टर ना?

शब्दवेडी
मसुदा शनिवारी द्यायचाय. तूर्त ‘कलेक्टर बीम’ ठेवते, पहिल्यांदा येतो तिथे ‘भिंतीकडे ओढबळ नेणारा’ असं जोडते आणि उदगीरच्या दादांनी सांगितलं तसं बाणांचं चित्र टाकते. बाण भिंतीकडे जाड होत जाणारे. डायफ्रामचं मात्र राहिलंच. ‘पटल’वर कुणीच बोललं नाही.

हिमरू
शाळेत ‘श्वासपटल’ होतं ना, पोटातलं? ते तर वरखाली हलतं.

निवृत्त ओव्हरसिअर
पटलाचं नंतर बघू. आधी कुणी मला हे सांगा, ‘सर’ आणि ‘नाट’ यांत फरक काय? आमच्या आजीच्या बोलण्यात खांबावरचा तो सर आणि भिंतीतून भिंतीत जाणारा तो नाट. निलंग्याकडे उलटं म्हणतात असं सूनबाई सांगतात.

तेरणाकाठ
सूनबाई बरोबर हायेत. आमच्याकडं खांबावर आडवा असतो तोच नाट.

गवंडी_उदगीर
उदगिरात दोन्हीला तुळईच म्हणत्यात.